रुखमाबाईच्या नावाची पाकिटं

पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याची वसाहत संपते आणि शहाद्याकडे जाणारा रस्ता सुरू होतो, तिथे पंधरा-वीस घरांची एक ओळ आहे. त्यातलं शेवटचं घर रुखमाबाईचं. नवरा कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. तो गेला, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा तिने फंडाच्या पैशांत हे दोन खोल्यांचं घर बांधून घेतलं. बांधताना गवंड्याशी भांडून तिने एकच हट्ट पुरवून घेतला होता. स्वयंपाकघर बैठकीपेक्षा मोठं हवं.

त्याला कारण होतं. रुखमाबाईच्या कळण्याच्या कडक पुऱ्या आख्ख्या वसाहतीत प्रसिद्ध होत्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे, त्यात तीळ, ओवा, लाल मिरची, पीठ घट्ट भिजवायचं आणि पुरी इतकी पातळ लाटायची की पोळपाटाचा रंग खालून दिसला पाहिजे. कोणाचा मुलगा शिकायला पुण्याला निघाला, कोणाची लेक सुरतेहून माहेरपणाला आली, की डबा रुखमाबाईकडे यायचा. लोक दोन-दोन महिने पुऱ्या पुरवून खात. शेवटची पुरीही पहिल्या पुरीसारखीच कडकन मोडायची. गुपित काय विचारलं तर ती म्हणायची, गुपित काही नाही, थांबता आलं पाहिजे. तेलात बुडबुडे पुरते बंद होईपर्यंत थांबायचं आणि तळल्यावर पुऱ्या कापडावर पसरून हाताला पार गार लागेपर्यंत थांबायचं. गरम पुरी डब्यात गेली की तिची वाफ तिलाच खाते.

हे सगळं नाव घराच्या ओट्यापुरतंच राहिलं असतं. ते बाहेर नेलं जावयाने.

रिना ही रुखमाबाईची एकुलती एक मुलगी, शहाद्याला दिलेली. तिचा नवरा उमाकांत आधी मोबाइलच्या दुकानात होता, मग त्याने एका कुरिअर कंपनीची एजन्सी घेतली. माणूस हुशार, बोलायला गोड, एका जागी न बसणारा. कुरिअरमध्ये त्याच्या हातून रोज लोकांची लोणची, पापड, चिवडे मुंबई-पुण्याकडे जात. एक दिवस तो सासूच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, मामी, तुमच्या पुऱ्यांच्या पासंगालाही न पुरणारा माल लोक ऑनलाइन मागवतात. त्याने तिचा एक फोटो काढला. पोळपाटापुढे बसलेली, डोक्यावर पदर, हातात लाटणं, चेहऱ्यावर अर्धवट हसू. तो फोटो इंटरनेटवर गेला आणि आठ दिवसांत तेवीस ऑर्डरी आल्या.

पण नोंदणीशिवाय खायची वस्तू विकायची नाही, हे रुखमाबाईला माहीत होतं. कारखान्याच्या कँटीनवाल्याला त्यापायी दंड झाला होता, ते तिने पाहिलेलं. तिने उमाकांतला सांगितलं, कागद झाल्याशिवाय एक पाकीट घराबाहेर जाणार नाही.

शहाद्याला बसस्टँडजवळ जिनेशचं सेवा केंद्र आहे. सुगनचंदशेठच्या किराणा दुकानातला एक कोपरा पत्र्याने वेगळा करून त्यांच्या या मुलाने तिथे संगणक मांडलेला. जिनेश हळू बोलणारा, प्रत्येक अर्ज दोनदा वाचून दाखवणारा माणूस. त्याने रुखमाबाईचं आधार, फोटो, घराचं लाइट बिल घेतलं आणि समजावून सांगितलं की वर्षाची विक्री बारा लाखांच्या आत असेल तर मोठा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. तेव्हा नियम तसाच होता. वर्षाला शंभर रुपये फी. अर्ज गेला, आठवडाभरात नोंदणीचा कागद आला, त्यावर चौदा आकडी नंबर.

कागद हातात देताना जिनेश म्हणाला, “मावशी, एक लक्षात ठेवा. हा नंबर या घराचा आणि तुमचा. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या जागी बनवलेल्या मालावर हा टाकता येत नाही. उद्या काही झालं तर ते तुम्हालाच विचारतील.”

रुखमाबाईने मान हलवली. तिला ते बोलणं आवडलं. तिच्या आयुष्यात तिच्या नावावर पहिल्यांदाच काही आलं होतं. घराची जागासुद्धा अजून नवऱ्याच्या नावावर होती. तो कागद तिने काचेत मढवून स्वयंपाकघरात दरवाजासमोर लावला. तो दिसेल असा लावायचा, असा नियमही आहे.

मग शहाद्यात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, तिथे ती गेली. चाळीस बायकांत ती सगळ्यात मोठी होती आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिनेच विचारले. परत आली ती घर उलटंपालटं करायलाच. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसली. घरचा स्वयंपाक मागच्या पडवीत गेला आणि मोठ्या खोलीत फक्त पुऱ्यांचं काम राहिलं. काम करताना हातात बांगडी नाही, वाढलेली नखं नाहीत, डोक्यावर टोपी. पहिल्या दिवशी टोपी घालून आरशात पाहिलं तर तिला स्वतःचंच हसू आलं. पाणी तपासून आणलं, डॉक्टरकडून तंदुरुस्तीचा दाखला घेतला. तळलेलं तेल पुन्हापुन्हा वापरायचं नाही म्हणून काळसर झालेलं तेल ती वेगळ्या डब्यात काढू लागली. एकदा विळीने बोट कापलं, तर तिने दोन दिवस काम बंद ठेवलं आणि उमाकांतला फोन करून सांगितलं की ऑर्डरी थांबव. तो हसला. ती हसली नाही. रोजच्या घाण्याची एक वही तिने घातली होती. तारीख, बॅचचा नंबर, पीठ कधी दळलं, किती पाकिटं भरली.

पाकिटावरचा कागद उमाकांतने छान छापून आणला. हिरवा ठिपका, काय काय घातलंय त्याची यादी, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते, नोंदणीचा नंबर, तिचं नाव, तिचा पत्ता, तक्रारीसाठी तिचाच मोबाइल. वर तिचा फोटो. खाली एक ओळ: शेंगदाणा तेलात तळलेलं. त्या खाली ठळक अक्षरांत, यात उडीद आणि तीळ आहेत. कोणाला तीळ सोसत नाहीत, त्याला आधी कळायला हवं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि ते तिला फार पटलं होतं.

दीड वर्ष चांगलं गेलं. दिवसाला तीस पाकिटं, त्यापुढे एकही नाही. उमाकांत म्हणायचा साठ करा, दोन बायका लावा. ती म्हणायची, बायका लाव, पण त्यांच्या पुऱ्या गार होईपर्यंत त्यांच्याजवळ कोण बसणार? मग हळूहळू त्याने हा विषय काढणंच सोडून दिलं.

त्याने विषय का सोडला, हे रुखमाबाईने विचारायला हवं होतं. हे तिचं तिलाच पुढे फार वेळा वाटलं. रिनाकडे गेली की कपाटाखाली तिच्या फोटोच्या छापील कागदांचे गठ्ठे दिसायचे. हजारांनी. तीस पाकिटांच्या हिशेबाने ते कागद चार वर्षं संपले नसते. एकदा तिने विचारलंही. रिना म्हणाली, एकदम छापले की स्वस्त पडतात. दोंडाईचा रस्त्याला उमाकांतने एक शेड भाड्याने घेतली होती. तिथे काय चालतं, विचारलं तर कुरिअरचं गोडाऊन, एवढंच उत्तर. एकदा जावयाच्या शर्टाला तळणाचा वास आला. तो तिच्या तेलाचा वास नव्हता. तिला तो ओळखू आला होता आणि तरीही ती बोलली नाही. लेकीच्या घरात फ्रीज आला होता, नातू इंग्रजी शाळेत जाऊ लागला होता. माणूस सुखात असला की त्याला खोदून काय विचारायचं, असं तिने मनाशी म्हटलं.

जानेवारीत एका सकाळी नंदुरबारहून अन्न सुरक्षा अधिकारी आल्या. पस्तिशीच्या बाई, खांद्याला बॅग, सोबत एक शिपाई. योगायोगाने रिना त्या दिवशी माहेरी आलेली होती. रुखमाबाईने आधी त्यांना हात धुवायला पाणी दिलं, मगच स्वयंपाकघरात घेतलं. बाईंनी सगळं पाहिलं. जाळी, तेलाचा डबा, पाण्याचा अहवाल, दाखला, वही. वही त्यांनी उभ्याउभ्या पाच-सहा पानं वाचली. मग त्यांनी बॅगेतून एक फोडलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पुण्याच्या एका बाईने ऑनलाइन तक्रार केली होती. पाकिटात हिरवट बुरशी धरलेल्या पुऱ्या होत्या. वरून रुखमाबाईचा फोटो हसत होता.

रुखमाबाईने पाकीट हातात घेतलं. तिला वास घ्यायचीही गरज पडली नाही. सगळ्या पुऱ्या एका मापाच्या, मशीनवर दाबलेल्या, कडेला जाड. गरमच भरल्या असणार, पिशवीच्या आतल्या अंगाला ओल सुकल्याचे डाग होते. बॅचचा नंबर होता सत्तेचाळीस. तिच्या बॅचचा नंबर तारखेवरून असे. सत्तेचाळीस नावाचं काही तिच्या वहीत नव्हतं.

तिने मान वर केली. दरवाजात रिना उभी होती. तिने दोन्ही हात जोडून छातीशी धरले होते, आणि ते अधिकाऱ्याला दिसू नयेत म्हणून पदराआड.

“मावशी, हे पाकीट तुम्ही भरलंय का?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“हा. मन्हंच शे,” रुखमाबाई म्हणाली.

बाईंनी वही आणि पाकीट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलं. मग म्हणाल्या, “तुमच्या घरात मी जे पाहिलं आणि या पिशवीत जे आहे, ते एका हाताचं वाटत नाही मला. पण तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार. आणि लिहिलं की ते तुमचं.”

रुखमाबाईने पुन्हा सांगितलं, माझंच आहे. थंडीत वाळायला कमी पडलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या हाताबद्दल खोटं बोलली. बाईंनी जबाब लिहिला, वाचून दाखवला, तिने सही केली. पुढचा आदेश येईपर्यंत माल बनवायचा नाही आणि सत्तेचाळीस नंबरचा विकलेला सगळा माल परत मागवायचा, अशी लेखी सूचना देऊन त्या गेल्या. जाताना शहाद्याच्या कुरिअर दुकानात पाठवणीसाठी पडलेली त्याच बॅचची पाकिटं त्यांनी रीतसर नमुना म्हणून ताब्यात घेतली, चार भाग करून सीलबंद केली. उमाकांतने तिथेही तेच सांगितलं. सासूबाईंचा माल, मी फक्त पाठवतो.

तो संध्याकाळी आला तेव्हा तिच्या पाया पडला. शेडमधल्या बायकांनी घाई केली, म्हणाला. दिवाळीनंतर ऑर्डरी चौपट झाल्या होत्या, मीच म्हटलं भरा लवकर. शेडची नोंदणी का केली नाहीस, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आज करू, उद्या करू म्हणता राहून गेलं, आणि सगळा माल एकत्र धरला तर विक्री बारा लाखांच्या वर जाते, मग नोंदणी नाही, परवानाच काढावा लागतो. आणि मामी, लोक तुमचा फोटो बघून घेतात, माझ्या नावाने कोण घेणार? तुम्ही छोट्या नोंदणीवाल्या, तुम्हाला फार तर दंड होईल, तो मी भरतो. माझ्यावर विनापरवान्याची केस झाली तर सगळं जाईल.

शेवटी रुखमाबाई एवढंच म्हणाली की शेड आजच्या आज बंद कर. त्याने हो म्हटलं.

चौथ्या दिवशी तिच्या मोबाइलवर एका बाईचा फोन आला. पाकिटावर नंबर तिचाच होता. पुण्याची तक्रार तिचीच. नाव आयुषी, माहेर नंदुरबारचं, बाजारपेठेतल्या व्यापारी घरातलं, लग्न होऊन पुण्यात राहणारी. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. तिने सांगितलं, पाकीट मुलाने आधी फोडलं. सहा वर्षांचा आहे. दिवाणखान्यात कार्टून पाहत खात बसला, तिचं लक्ष गेलं तेव्हा निम्मं संपलं होतं. रात्रीपासून उलट्या. तीन दिवस दवाखान्यात सलाइनवर. आता बरा आहे, पण खायला दिलं की आधी हुंगून बघतो.

रुखमाबाई म्हणाली, “चुकलं बाई. माफ कर.”

“मावशी, मी भांडायला फोन नाही केला,” ती बाई म्हणाली. “मी तुमचा फोटो बघून घेतलं होतं. मुलाला म्हटलं, फॅक्टरीतली वस्तू नाही ही, आजीच्या हातची आहे, खा.”

फोन बंद झाल्यावर रुखमाबाई तिथेच पाटावर बसून राहिली. चूल पेटवली नाही. तिला वाटत होतं, आपण जावयाला वाचवलं, लेकीचा संसार वाचवला, यात गेलं ते फक्त आपलं नाव. आपलं नाव आपणच घालवलं, तर त्यात दुसऱ्याचं काय बिघडलं? पण त्या मुलाला कोणी विचारलं होतं? त्याच्या आईने एका म्हातारीच्या चेहऱ्यावर विश्वास टाकला, आणि त्या चेहऱ्याने टोपी घालून, नखं कापून, तेल बदलून, वही भरून शेवटी काय केलं, तर जबाबावर सही.

महिनाअखेर प्रयोगशाळेचा अहवाल आला. रजिस्टर टपालाने, तिच्याच नावावर. जिनेशने तो वाचून दाखवला. पाकिटावर शेंगदाणा तेल लिहिलंय, आत पामतेल सापडलं, तो एक दोष. पण खरी गोष्ट दुसरी होती. बुरशीमुळे नमुना खाण्यास असुरक्षित ठरवला होता. जिनेशने चष्मा काढला आणि सांगितलं की नुसता दोष असता तर दंडावर भागलं असतं. असुरक्षित म्हटलं की प्रकरण कोर्टात जातं, त्यात शिक्षाही असते. अहवालाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं, पण नमुना खरंच बुरशीचा असेल तर दुसरी प्रयोगशाळाही तेच सांगणार.

मग तो खाली पाहत म्हणाला, “मावशी, मी तुमच्या वहीची पानं पाहिली आहेत. त्यात सत्तेचाळीस नाही. हे मी विचारत नाही, फक्त सांगतोय.”

रुखमाबाईने त्याला विचारलं, शेडमध्ये अजून काम चालतं का, तुझ्या कानावर काय आहे? जिनेशने अहवाल घडी करून पाकिटात घातला. मग म्हणाला, आमच्या दुकानातून पामतेलाचे डबे परवाही गेले. नवीन छापील कागद येईपर्यंत जुनेच, तुमच्या फोटोचे, चिकटवतायत, असं ऐकलं.

तिने त्याच वेळी ठरवलं. “लिही,” ती म्हणाली. “मी सांगस तसं लिही.”

अर्जात तिने काहीच लपवलं नाही. बॅच सत्तेचाळीस माझी नाही. ती दोंडाईचा रस्त्याच्या शेडमध्ये बनली. माझा नंबर, माझं नाव तिथे वापरलं जातं, असा मला आधीपासून संशय होता, पण मी विचारलं नाही. पहिल्या जबाबात मी खोटं बोलले. वहीची नक्कल सोबत जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती नंदुरबारला गेली. अधिकारी बाईंनी अर्ज वाचला, तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाल्या की आधीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आता पहिला जबाबही कागदावर आहे आणि हाही. नोंदणीधारक तुम्ही आहात. तुमचा नंबर दुसऱ्या जागी वापरू दिलात, याचा जाब तुम्हालाही द्यावा लागेल.

“म्हणजे मी सुटणार नाही,” रुखमाबाई म्हणाली.

“नाही, मावशी. पण शेड आज बंद होईल.”

शेड त्याच दिवशी दुपारी बंद झाली. फरशी नसलेल्या जमिनीवर उघडी पिठाची पोती, काळ्या तेलाच्या दोन कढया, कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या, आणि भिंतीला टेकवून रुखमाबाईच्या फोटोचे गठ्ठे. शिल्लक माल जप्त झाला. तिथे काम करणाऱ्या सहा बायका धडगावकडच्या होत्या, मागच्या ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर गावी न जाता मजुरीसाठी मागे राहिलेल्या. त्यांचं काम गेलं. त्यातली एक दुसऱ्या दिवशी रुखमाबाईला रस्त्यात भेटली. तिला टोपीही कोणी दिली नव्हती आणि बुरशीबद्दलही कोणी सांगितलं नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली की फोटोतली बाई तुम्हीच का, आणि पुढे गेली.

रिना आठव्या दिवशी आली. एकटीच. उंबऱ्याच्या आत आली नाही. रुखमाबाईने पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही.

“माय, तुले एकच बोलनं व्हतं,” ती म्हणाली. “तितलं बी तुन्हाघाई व्हयनं नही.”

“मी बोलनू व्हतू, रिना. सही बी करी.”

“मंग कसाले गई नंदुरबारले?”

रुखमाबाईने त्या मुलाबद्दल सांगितलं. सहा वर्षांचा, सलाइनवर, आता अन्न हुंगून बघणारा. रिनाने सगळं ऐकून घेतलं. तिच्याही घरात तेवढंच पोर होतं, आणि रुखमाबाईला क्षणभर वाटलं की आता ती आत येईल, बसेल. पण रिना म्हणाली की पुण्याचं पोरगं बरं होऊन घरी गेलं, माझ्या पोराचा बाप कोर्टात जातोय. त्याची चौकशी करायला कोणी फोन करणार नाही. मग ती वळली आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षात बसून निघून गेली. त्यानंतर आजतागायत ती माहेरी आलेली नाही. नातवाचा आवाज रुखमाबाईने दोनदा शेजारणीच्या फोनवरून ऐकला. दुसऱ्या वेळी रिनाने मध्येच फोन काढून घेतला.

रुखमाबाईची नोंदणी रद्द झाली. काचेतला कागद तिने स्वतः उतरवला, तिथे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. उमाकांतने एजन्सी विकली, फ्रीज विकला, वकील लावला. वकिलाने सांगितलं की सासूचा पहिला जबाब हाच आपला आधार. म्हणून आता उमाकांतचं म्हणणं असं आहे की शेड म्हातारीची होती, तो फक्त पाठवत होता. हे कळलं तेव्हा रुखमाबाईला राग आला नाही. तिला नवल वाटलं की हे आपल्याला आधी सुचलं कसं नाही.

वसाहतीत बायका आता तिच्याशी नीट बोलतात, पण डबा कोणी पाठवत नाही. ज्यांनी वीस वर्षं तिच्या पुऱ्या खाल्ल्या, त्यांनीही मोबाइलवर तो बुरशीचा फोटो पाहिला आहे. वर तिचंच नाव आहे. रुखमाबाई, पुरुषोत्तमनगर, असं कोणी शोधलं की पहिला तोच फोटो येतो. जिनेशने तो काढून टाकण्यासाठी दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणाहून उत्तर आलं की तक्रार खरी असल्याने काढता येत नाही. तिने ते ऐकून मान हलवली. तक्रार खरीच होती.

काही दिवसांनी तिने जिनेशला विचारलं, पुन्हा नोंदणी मिळेल का? मिळू शकते, तो म्हणाला, पण अर्जात आधीची रद्द झाल्याचं लिहावं लागेल आणि केस चालू आहे तोवर थांबलेलं बरं. किती दिवस? त्याला सांगता आलं नाही. ती त्याला म्हणाली की ठीक आहे, पाणी तपासून घ्यायचं त्याची मुदत संपत आली आहे, ते मी करून ठेवते. पाण्याचा नमुना तिने खरंच नेऊन दिला.

पहिली तारीख पावसाळ्यानंतर लागली. शहाद्याच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर रिना आणि उमाकांत एका टोकाला बसले होते, रुखमाबाई दुसऱ्या टोकाला. मध्ये एक रिकामी जागा होती, तिथे कोणीतरी पिशवी ठेवली होती. रिना बारीक झाली होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. रुखमाबाईने तिच्याकडे पाहिलं, ती समोरच्या नोटीस फलकाकडे पाहत राहिली.

नावं पुकारली. आत साहेब कागद वाचत होते. कारकुनाने विचारायला सुरुवात केली. आधी उमाकांत, आरोपी क्रमांक एक. मग ती.

“नाव?”

तिने सांगितलं.

“वय?”

“अठ्ठावन्न.”

“व्यवसाय?”

कारकुनाने पेन टेकवलेलं होतं. त्याने पुन्हा विचारलं.

“घरकाम,” ती म्हणाली, आणि त्याने लिहून घेतलं.